सुई टोचल्यानंतरचे सहा महिने

नमस्कार श्रोतेहो. दवाखान्यात काम करणाऱ्या सगळ्यांसाठी आज बोलतेय. म्हणजे सिस्टर, लॅबवाले, वॉर्डबॉय आणि कचऱ्याच्या पिशव्या उचलणाऱ्या मावशीसुद्धा. संसर्ग नियंत्रणाचं काम करताना रक्त लागलेली सुई टोचल्याच्या बऱ्याच तक्रारी माझ्याकडे येतात. त्यातली एकच आज सविस्तर सांगते.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला एक छोटा खासगी दवाखाना. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. रात्री पावणेबाराला एका सिस्टरनं तापाच्या पेशंटचं रक्त काढलं. सुईवर टोपण परत बसवताना हात घसरला आणि सुई डाव्या हाताच्या तर्जनीत गेली. तिनं बोट दाबून दाबून रक्त काढलं, वर स्पिरिट ओतलं, पट्टी बांधली आणि कुणाला काही न सांगता ड्युटी संपवली. सकाळी सहाला मला फोन आला, "अक्का, काल रात्री सुई टोचली, कुणाला सांगू नका."

आधी त्या बोटाचं बघू. टोचलेली जागा लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायची आणि साध्या साबणानं नीट धुवायची. बोट पिळायचं नाही, कारण पिळून विषाणू बाहेर येतात असा कुठलाच पुरावा नाही. उलट दाबल्यानं तिथली कातडी जास्त दुखावते. स्पिरिट, डेटॉल, आयोडीन, ब्लीच यांचंही तसंच, त्यांनी जखमेला त्रास होतो. बोट तोंडात घालण्याची सवय अनेकांना असते, तेही टाळायचं. रक्त डोळ्यात उडालं असेल तर डोळा स्वच्छ पाण्यानं किंवा सलाइननं धुवायचा.

धुऊन झालं की कळवायचं. तिनं सहा तास घालवले ते इथं. एचआयव्ही टाळण्याची औषधं, ज्यांना आपण पीईपी म्हणतो, शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू व्हायला हवीत. बहात्तर तासांनंतर ती सुरू करून उपयोग नसतो. म्हणून संशय असेल तर पेशंटच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. पहिला डोस घ्यायचा, रिपोर्ट निगेटिव्ह आला की बंद करता येतो. तिच्या दवाखान्यात ही औषधं नव्हती. मी तिला बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात पाठवलं. कॅज्युअल्टीत पीईपी ठेवलेलं असावं अशी नाकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची, सूचना आहे. साडेसातला तिनं पहिली गोळी घेतली. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोलुटेग्राव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत, रोज एक, अठ्ठावीस दिवस. तिची रक्तवाढीची गोळी चालू होती. लोह आणि कॅल्शियम डोलुटेग्राव्हिर शरीरात नीट शोषू देत नाहीत, म्हणून पीईपीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायला सांगितलं.

गोळीच्या आधी तिचं रक्त घेतलं. या पहिल्या तपासणीबद्दल फार गैरसमज आहे. त्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट सुई टोचण्याच्या आधीची परिस्थिती सांगतो. काल रात्रीच्या सुईबद्दल तो काहीच सांगत नाही. 'रिपोर्ट चांगला आला, सुटलो' म्हणत पुढच्या तारखा सोडणारे मी पाहिलेत. तरी ही तपासणी चुकवायची नाही. पुढे आजार निघाला तर तो कामावरच लागला हे याच कागदावरून दाखवता येतं. शिवाय टेनोफोव्हिर हिपॅटायटिस बीवरही काम करतं. आधीपासून तो आजार असलेल्या माणसात ते अचानक बंद केलं तर लिव्हरचा त्रास भडकू शकतो, म्हणून तेही आधी कळायला हवं.

आता तो पेशंट. त्याचं रक्त तपासायचं तर त्याची संमती लागते, एचआयव्हीसाठी 2017 च्या कायद्यानंच. संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये होता आणि मामांना फक्त मराठी कळत होतं. नुसती सही घेणं म्हणजे संमती नव्हे. मी शेजारी बसून प्रत्येक ओळ मराठीत सांगितली. "मामा, तुमच्यावर काही संशय नाही. आमच्या पोरीला सुई लागली, तिच्या उपचारासाठी बघायचंय." ते म्हणाले, "मग इचारतीस काय, घे की रगत." तपासायचं ते पेशंटचं रक्त. सुई लॅबला पाठवून काही कळत नाही.

दुपारपर्यंत त्यांचे रिपोर्ट आले. एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस सी निगेटिव्ह. सिस्टर रडायलाच लागली, आनंदानं. पण तिसरी ओळ तिनं वाचली नव्हती. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह होता.

श्रोतेहो, सगळी भीती एचआयव्हीची असते. एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईनं तो लागण्याची शक्यता हजारात तीन. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी लागण्याची शक्यता शंभरात सहा ते तीस. ही कावीळ भिनली तर वर्षानुवर्षं लिव्हर खात राहते.

सिस्टरनं कॉलेजमध्ये तीनही डोस घेतले होते. पण लस लागू पडली का हे कधी तपासलं नव्हतं. त्यासाठी अँटी-एचबीएस नावाची साधी रक्ततपासणी असते. आकडा दहा किंवा वर असेल तर संरक्षण आहे. तिचा आला चार. म्हणून त्याच संध्याकाळी दोन इंजेक्शनं दिली. तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं, किलोमागे 0.06 मिली, तिच्या पन्नास किलोला तीन मिली. आणि दुसऱ्या जागी लसीचा नवा डोस. इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो चोवीस तासांत द्यायचं, सात दिवसांनंतर त्याचा फायदा गृहीत धरत नाहीत. आमचे जेमतेम वीस तास झाले होते.

पेशंट एचआयव्ही निगेटिव्ह, त्याला नुकतीच लागण झाली असावी अशी काही खूणही नव्हती, म्हणून डॉक्टरांनी पीईपी बंद केलं. पेशंट पॉझिटिव्ह असता किंवा सुई कुणाची हेच माहीत नसतं, तर एचआयव्हीची तपासणी सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी झाली असती, आणि तोवर निरोध वापरायला सांगितलं असतं. हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह असता तर तीन ते सहा आठवड्यांत विषाणूची आरएनए तपासणी आणि चार ते सहा महिन्यांनी अँटिबॉडी तपासणी. त्याला रोखणारी लस नाही, पण लवकर सापडला तर गोळ्यांनी बरा होतो.

तिच्या बाबतीत प्रश्न हिपॅटायटिस बीचा होता. मी तिच्या डायरीत लिहून दिलं: ऑगस्टमध्ये लसीचा दुसरा डोस, जानेवारीत तिसरा. जानेवारीतच हिपॅटायटिस बीची तपासणी. तोवर रक्तदान नाही, मात्र घरात वेगळं ताट, वेगळा टॉवेल असलं काही नाही. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी परत अँटी-एचबीएस. हा आकडा आधी बघून उपयोग नव्हता. बाहेरून दिलेली प्रतिपिंडं अंगात असतात, आकडा चांगलाच दिसतो आणि आपण फसतो.

जानेवारीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मार्चमध्ये ती स्वतःच कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. अँटी-एचबीएस दोनशेच्या वर होता. तिच्या वॉर्डात आता इंजेक्शनच्या ट्रॉलीवरच जाड पांढरा डबा असतो आणि सुई टोपणाविना सरळ त्यात जाते.