एका हदीसचा माग

परभणीत शुक्रवारच्या बयानात हे वाक्य कितीदा तरी कानावर येतं: "आमाल का दारोमदार नियतों पर है." कर्माचं मोल हेतूवरून ठरतं. ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, बहुतेकांना पाठ असते. पण ती कोणी कोणाकडून ऐकली, हे शोधून काढणं म्हणजे तखरीज.

मदरशाच्या ग्रंथालयात एक तालिबइल्म कोरा कागद पसरून बसलाय. हदीस सांगणारे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, हजरत उमर, हे त्याला माहीत आहे. म्हणून तो इमाम मिज्जींचा 'तुहफतुल अशराफ' काढतो, कारण त्यात हदीस सहाबींच्या नावाने लावलेल्या आहेत. उमर, त्यांच्याखाली अल्कमा बिन वक्कास. इथून हदीसच्या सहाही प्रमुख संग्रहांतले पत्ते मिळतात. छापील आवृत्त्यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून तो किताब आणि बाबही लिहून घेतो.

त्यांपैकी एकट्या बुखारीत ही हदीस सात ठिकाणी आहे: वहीच्या, म्हणजे ईश्वरी संदेशाच्या प्रकरणात, ईमानच्या, निकाहच्या, शपथांच्यासुद्धा. आणि सातही वेळा इमाम बुखारींना ती सांगणारे उस्ताद वेगळे.

आता तो सनदी, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळ्या, कागदावर काढू लागतो. खाली रेघांचं जाळं होतं. वर जावं तशा त्या इमाम मालिक, दोन सुफियान, हम्माद बिन जैद अशा नावांपाशी जुळतात, आणि शेवटी एकाच नावाला मिळतात: यह्या बिन सईद अन्सारी. त्यांच्या वर मुहम्मद बिन इब्राहीम तैमी, मग अल्कमा, मग उमर. प्रत्येक पायरीवर एकच माणूस. जायकवाडीच्या कालव्यांना कितीही चाऱ्या फुटल्या, तरी पाणी धरणातूनच येतं, तसं. अशा रावीला, म्हणजे हदीस सांगणाऱ्याला, 'मदार' म्हणतात. आपण मराठीत "सगळी मदार त्याच्यावर" म्हणतो, तोच हा शब्द.

मग एक सनद अबू सईद खुदरींच्या नावाने सापडते, तीही इमाम मालिक यांच्याकडून. दुसरा झरा लागला म्हणावा का? नाही. मालिक यांचे बाकीचे शिष्य इथेही यह्या यांचंच नाव सांगतात. वेगळं सांगणारा एकटा अब्दुल मजीद. जुन्या हदीसतज्ज्ञांनी ही त्याची चूक ठरवली आहे.

शेवटी तो मतन, म्हणजे हदीसचे मूळ शब्द, शेजारी शेजारी ठेवतो. बुखारीच्या अगदी पहिल्या हदीसमध्ये एक वाक्य नाही: ज्याची हिजरत, म्हणजे स्थलांतर, अल्लाह आणि रसूलसाठी, त्याची हिजरत त्यांच्यासाठीच. ते सांगायला उस्ताद हुमैदी विसरले असतील? तो हुमैदींचा स्वतःचा हदीससंग्रह 'मुस्नद' उघडतो.

वाक्य तिथे आहे.

म्हणजे ते हुमैदींकडून सुटलेलं नाही. काही भाष्यकारांच्या मते ते खुद्द बुखारींनीच वगळलं. तालिबइल्म त्या रेघेशेजारी पेन्सिलीने खूण करतो, आणि 'फतहुल बारी' या बुखारीवरच्या भाष्याचा पहिला खंड ओढून घेतो.