लेझमीच्या जागी शब्द

(ग्वाल्हेर येथे गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, थोड्या संपादनासह)

अध्यक्षबाई आणि मंडळी, विषय मोठा आहे आणि मला पाऊण तास दिला आहे. सण, गाणी आणि स्वातंत्र्याची चळवळ असं पत्रिकेवर छापलंय. त्यातला मी फक्त एक धागा धरणार आहे, मेळ्यांचा, म्हणजे गणपतीत पदं गाणाऱ्या पोरांच्या पथकांचा. सुरुवात मात्र इथूनच करते, ग्वाल्हेरच्या आपल्या लश्कर भागातून.

आपण ग्वाल्हेरचे लोक पाहुण्यांना एक गोष्ट नेहमी सांगतो: सार्वजनिक गणपती पुण्याने आपल्याकडून घेतला. ही गोष्ट खरी आहे, पण अर्धी. 1892 साली पुण्याचे सरदार नानासाहेब खासगीवाले इथे आले होते. माधवराव महाराज तेव्हा अज्ञान होते, कारभार कौन्सिलकडे होता, पण दरबारी गणेशोत्सव थाटात व्हायचा. तो त्यांनी पाहिला आणि परत गेल्यावर मित्रांना सांगितलं. पुढच्या भाद्रपदात, म्हणजे 1893 ला, पुण्यात खासगीवाले, भाऊसाहेब रंगारी आणि घोटवडेकर यांचे गणपती सार्वजनिकरीत्या बसले. रंगारींची मूर्ती राक्षसाला मारणाऱ्या गणपतीची आहे. ती पाहिली नसेल तर पुण्याला गेल्यावर जरूर पाहा. त्याच महिन्यात केसरीने या उपक्रमाचं कौतुक केलं आणि 1894 पासून टिळकांनी तो मनापासून उचलून धरला.

आता गोष्टीचा उरलेला अर्धा भाग. आपल्याकडे दरबाराचा गणपती होता आणि रयत तो बघायला जायची. हत्ती, घोडे, निशाण, बँड सगळं होतं, आणि लोक दुतर्फा उभे. पुण्याने मूर्ती, मांडव आणि मिरवणूक घेतली, पण बघ्यांना गायला लावलं, ते त्यांचं स्वतःचं. कडेला उभा असलेला पोरगा रांगेत आला तो मेळ्यामुळे. माझं म्हणणं एवढंच आहे, की माणसं हलली ती मूर्तीने नव्हे, भाषणाने तर नव्हेच; ती हलली दीड-दोन महिन्यांच्या तालमीने.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या आजीमुळे कळलं, आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही.

आजीचं माहेर पुण्याचं, सदाशिव पेठेतला वाडा. लग्न होऊन ती इथे दाणाओळीत आली ती कायमची. दुपारी ओट्यावर बसून तांदूळ पाखडताना ती एक पद म्हणायची. देवकी बंदिशाळेत आहे, बाहेर पाऊस आहे, पहारेकरी पेंगतायत, आणि ती पोटातल्या बाळाला विचारते की तू येणार कधी. आम्हा भावंडांना ते कृष्णाचं पाळणागीत वाटायचं. माझा धाकटा भाऊ त्यावरच झोपायचा. पण पाळण्याच्या मानाने त्याची लय फार ठसक्याची होती, चालताना पावलं पडावीत तशी. शिवाय ध्रुपदात एक जागा रिकामी यायची. तिथे आजी शब्द म्हणायची नाही, सुपावर थाप मारायची. थप्. मग पुढची ओळ.

कॉलेजात असताना मी एकदा विचारलं, आजी, त्या जागी काय आहे गं? ती म्हणाली, "तिथे लेझीम वाजायची."

आणि मग सगळं बाहेर आलं. तिच्या वाड्याच्या चौकात मेळ्याची तालीम चालायची. आषाढ संपता संपता सुरू व्हायची. दोन्ही भाऊ मेळ्यात होते. मुलींना त्यात घेत नसत, म्हणून ही माडीच्या कठड्याला टेकून उभी राहायची. एकच पद रोज रात्री वीस-वीस वेळा घोटलं जाई. म्होरक्याने ओळ सांगायची, बाकीच्यांनी झेलायची, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. भावांचं पाठ व्हायच्या आधी हिचं झालं होतं. खाली धुणं वाळत घालणाऱ्या बाईचं झालं होतं. समोरच्या बिऱ्हाडातल्या सोवळ्या आजींचंसुद्धा झालं होतं, आणि त्या बाई तर वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. त्या ध्रुपदात तालमीत एक शब्द म्हणायचा. मिरवणुकीच्या दिवशी मात्र त्या जागी सगळ्यांनी एकदम लेझीम वाजवायची, कारण चौकात पोलिसांचा माणूस वही घेऊन उभा असायचा. पेठेतल्या प्रत्येकाला तो शब्द ठाऊक होता. वहीत लेझीम कशी लिहिणार?

(श्रोत्यांतून कोणीतरी शब्द विचारतं.) सांगते, थांबा. आधी मेळा कसा चालायचा ते सांगू दे.

मेळा म्हणजे वीस-पंचवीस पोरांपासून पुढे शंभरावर पोरांपर्यंतचं पथक. डोक्याला मावळ्याचं पागोटं, हातात लेझीम किंवा काठी, पुढे निशाण. पदं दर वर्षी नवी, पण चाली जुन्या, आणि युक्ती इथेच आहे. पदांच्या लहानशा पुस्तिका छापत आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावर "चाल" म्हणून एखाद्या गाजलेल्या नाट्यपदाची, लावणीची नाहीतर आरतीची ओळ दिलेली असे. सौभद्र रंगभूमीवर येऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती, त्यातल्या चाली घरोघरी होत्या. नवी चाल शिकायला गळा लागतो. जुन्या चालीत नवे शब्द घालायला काहीच लागत नाही. ज्याला अक्षरओळख नाही तोही दुसऱ्या कडव्याला सामील होतो. केसरी वाचायला अक्षर यावं लागतं, वर्गणी परवडावी लागते. मेळ्याला नुसतं दारात उभं राहावं लागतं.

आणि सरकारची पंचाईत बघा. 1858 च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात हात घालणार नाही असं वचन होतं. राजकीय सभेवर डोळा ठेवता येतो, लेखावर खटला भरता येतो. राजद्रोहाचं 124-अ कलम 1870 पासून होतंच. पण देवापुढे पोरं कंसाला शिव्या देतायत, तर कोणत्या तोंडाने म्हणणार की हा कंस आमचाच आहे? तसं म्हणायचं तर आधी ते कबूल करावं लागतं.

आता जे सांगायला कठीण जातं ते सांगते, कारण गाळलं तर मी खोटी पडेन. 1893 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला होता, आणि 1894 च्या मेळ्यांतली कित्येक पदं इंग्रजांवर नव्हती. ताबुतांना जाऊ नका, डोल्यांपुढे नाचू नका, असं ती हिंदूंना सांगत होती. त्याआधी मराठी मुलखात मोहरमला हिंदूंची गर्दी असायची. मिरवणूक, निशाण, सोंगं, पथकं या कितीतरी गोष्टी मेळ्याने तिथूनच उचलल्या आणि वर तिथे जाऊ नका म्हणून सांगितलं. आपल्या लश्करात खुद्द शिंदे दरबाराचा ताजिया निघत असे, त्यामुळे आपल्याला हे जास्त टोचायला हवं. ज्या तालमीने पोरं एका रांगेत आणली, तिनेच काही शेजारी रांगेबाहेर काढले. शिवाय सुरुवातीचे मेळे बरेचसे ब्राह्मण विद्यार्थ्यांचे होते. म्हणून 1920 नंतर जेधे-जवळकरांनी छत्रपती मेळा काढला आणि त्याच रस्त्यांवर, त्याच पद्धतीने ब्राह्मणांवर कोरडे ओढले. पुढे 1930 नंतर तेच केशवराव जेधे बहुजन समाजाला काँग्रेसकडे घेऊन आले. साधन ज्याच्या हाती जाईल त्याचं होतं.

अध्यक्षबाईंची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं. मग उरलेलं भराभर.

गाण्याने काही होत नसतं, तर सरकार इतकं घाबरलं नसतं. 1897 च्या जूनमध्ये केसरीत शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली. आठवड्याभरात रँडवर गोळी झाडली गेली आणि टिळकांवरच्या खटल्यात ती कविता पुरावा म्हणून उभी राहिली. शिक्षा अठरा महिन्यांची. 1909 मध्ये नाशकात बाबाराव सावरकरांनी कवितांची पुस्तिका छापली म्हणून त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कवितांत नावं होती देवांची आणि शिवाजीची. पण उच्च न्यायालयाने म्हटलं की ही नावं निमित्तमात्र आहेत, खरा सांगावा आत्ताच्या परक्या सरकारविरुद्ध शस्त्र उचला असाच आहे. म्हणजे कंस कोण हे शेवटी कोर्टानेच वाचून दाखवलं! हा खटला चालवायला पाठवणारे कलेक्टर जॅक्सन. त्यांना 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात शारदा नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या. पुढच्याच महिन्यात, 1910 च्या जानेवारीत, खाडिलकरांच्या कीचकवधावर बंदी आली. 1907 पासून ते नाटक चाललं होतं, आणि प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसत होता. त्याच वर्षी पुण्यात मेळ्यांवर कडक निर्बंध आले. पदं आधी दाखवायची आणि परवाना मिळेल तेवढंच गायचं.

पण तोवर सोळा वर्षं दर पावसाळ्यात तालमी झाल्या होत्या. रौलट समितीने 1918 च्या अहवालात मुंबई इलाख्यातल्या क्रांतिकारी चळवळीचा इतिहास सांगायला घेतला, तो गणपती आणि शिवजयंतीच्या उत्सवांपासून. त्याच अहवालात पुढे आपल्या ग्वाल्हेरच्या कटाचाही उल्लेख आहे. इथे पाहिलेला गणपती पुण्याला गेला आणि पुण्या-नाशकाकडचं वारं इथे आलं. त्याबद्दल पुढच्या वर्षी बोलावलंत तर सविस्तर बोलेन.

माझी एक तक्रार आहे आणि ती मी बोलणारच. या पदांच्या पुस्तिका टिकल्या नाहीत. एका जुन्या ग्रंथालयात मी त्या मागायला गेले, तर कळलं की मागच्या वर्षी "किरकोळ भजनं" म्हणून सगळं रद्दीत गेलं. किती होत्या, कुठल्या सालच्या होत्या, याची नोंदही ठेवली नव्हती. मी त्या रात्री जेवले नाही. तुमच्याकडे माळ्यावर, ट्रंकेत, देवाच्या पोथ्यांखाली अशी पातळ पुस्तिका असेल, वर "चाल" लिहिलेली, तर ती देऊ नका, फक्त दाखवा. मी येऊन तिथेच उतरवून घेईन.

आता तो शब्द. आजीला मी तो नंतर पुष्कळदा विचारला. स्वातंत्र्य मिळून पंचवीस वर्षं उलटली होती, वहीवाला शिपाई कधीच गेला होता. तरी ती आधी दाराकडे बघायची आणि मग सुपावर थाप मारायची. शेवटच्या आजारपणात एका दुपारी तिने ते पद पुन्हा म्हटलं, अगदी हळू. त्या जागेपाशी आली तेव्हा हाताशी सूप नव्हतं. तिने शब्द म्हटला. "फिरंगी." आणि लगेच माझ्याकडे बघून म्हणाली, "दार लावलंयस ना गं?"