अडकलेला शॉवर आर्म काढायचा, पण भिंतीतला पाइप हलू द्यायचा नाही

नमस्कार मंडळी, आज आपण इंदूरला लोकमान्य नगरमध्ये एका काकूंच्या घरी आलोय. जुनं घर, बोरिंगचं पाणी, आणि बाथरूममधला हा शॉवर आर्म, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेली, टोकाला शॉवर बसतो ती वाकडी नळी, काही केल्या फिरत नाहीये. नवीन आर्म आणून ठेवलाय, पण काकूंनी एकच अट घातलीय, ती म्हणजे "बाळा, काढ बापडा, पण माझी टाइल फोडू नकोस आणि भिंतीत गळती लावू नकोस." टाइल थोडीशी उघडावी लागणार आहे, ते मी त्यांना आधीच सांगितलंय, पण गळती लागू द्यायची नाही, आजचा सगळा व्हिडिओ त्यासाठीच आहे.

आधी भिंतीच्या आत काय आहे ते समजून घेऊ, कारण ते डोळ्यासमोर नसलं की हात चुकीचा जोर लावतो. खालच्या डायव्हर्टरपासून, म्हणजे पाणी खालच्या नळाला द्यायचं की शॉवरला ते ठरवतो त्या खटक्यापासून, एक पाइप भिंतीतून सरळ वर येतो, वर आला की एल्बो, म्हणजे काटकोनात वळणारा जोड, लागतो, आणि त्या एल्बोच्या तोंडात हा आर्म आट्यांनी बसवलेला असतो, अर्धा इंची आटे. आता तुम्ही आर्मला पाना लावून घड्याळाच्या उलट फिरवता, आटे सुटले तर ठीक, पण नाही सुटले तर तो सगळा जोर एल्बोवर जातो, आणि एल्बोही आर्मबरोबर फिरायला बघतो. एल्बोचा खालचा पाय उजवीकडे सरकतो, आणि त्याला जोडलेला उभा पाइप एका बाजूला वाकतो. म्हणजे पाइपला जो त्रास होतो तो खरं तर वाकण्याचा आहे, आणि त्याचा ताण सगळ्यात जास्त येतो तो जोडांवर, एल्बोच्या खालच्या जोडावर आणि पार डायव्हर्टरच्या जोडावर.

आणि यात सगळ्यात फसवी गोष्ट काय माहितीय? हा उभा पाइप डायव्हर्टरच्या पुढे आहे, म्हणजे त्यात पाणी फक्त शॉवर चालू असतानाच असतं, इतर वेळी तो रिकामाच. त्यामुळे जोड जर तडकला तर काही नळ टपटपत नाही, मीटर फिरत नाही, रोज आंघोळीपुरतं थोडं थोडं पाणी भिंतीत मुरतं आणि काही महिन्यांनी पलीकडच्या खोलीचा रंग फुगतो. तेव्हा कुणालाच आठवत नाही की आर्म बदलला होता, दोष मात्र टाकीला किंवा पावसाळ्याला जातो.

आता हे आर्म अडकतात कशाने. एक तर बोरिंगच्या पाण्यातला क्षार, तो आट्यांच्या फटीत बसून दगडासारखा होतो. दुसरं, जुन्या घरात एल्बो असतो जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, आणि आर्म पितळेचा, वरून क्रोम, आणि ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की लोखंड गंजायला लागतं, गंज फुगतो आणि आटे जाम करतो. वर त्या काळी सफेदा, म्हणजे आट्यांना लावायची पांढरी पेस्ट, आणि धागा लावून फिटिंग करायचे, तो सफेदा सुकून कडक झालेला असतो. आणि तिसरं, जे लोक पाहतच नाहीत, ते म्हणजे बरेचदा आर्म आट्यांत नाही तर टाइलमध्येच अडकलेला असतो, कुणीतरी फ्लँजच्या, म्हणजे आर्मच्या मुळाशी भोक झाकणाऱ्या गोल चकतीच्या, मागे व्हाइट सिमेंट भरून ठेवलेलं असतं. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी फ्लँज पुढे ओढा आणि आर्मच्या भोवतीचं सिमेंट बारीक पेचकसने खरवडून काढा, पूर्ण गोल. (कॅमेरा जवळ आणतो) हे बघा, इथे किती निघालं.

टॉर्च लावून आत बघा एल्बो कशाचा आहे. करडा, खडबडीत, गंजलेला दिसला तर जीआय. फिकट पिवळसर प्लास्टिक आणि त्याच्या तोंडात पितळेची रिंग दिसली तर सीपीव्हीसी, ही नवीन फ्लॅटमध्ये सापडते. हा फरक फार महत्त्वाचा आहे. सीपीव्हीसी असेल तर आग म्हणजे गॅस टॉर्च अजिबात नाही, ते ९३ अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेलं असतं, ज्योत लागली की मऊ पडतं आणि आतली पितळेची रिंग सैल होते. गंज सोडवायचं तेल पण त्याच्यावर मारू नका, काही तेलांनी सीपीव्हीसीला बारीक चिरा जातात, तिथे पांढरा व्हिनेगर आणि गरम पाण्याचा कपडा एवढंच वापरा. आणि सीपीव्हीसीमध्ये आर्मबरोबर ती पितळेची रिंगच फिरताना दिसली तर लगेच थांबा, मग तो एल्बो बदलायचा आहे, आर्म नाही.

काकूंच्या घरी जीआय आहे. इथे पण मी गॅस टॉर्च वापरणार नाही, कारण जुन्या टाइलला ज्योत लागली की ती तडकते, आणि आट्यांत टेफ्लॉन टेप असली तर जळून तिचा धूर विषारी होतो. त्यामुळे शॉवरचं पाणी बंद, टाकीचा व्हॉल्व्ह बंद, खालचा नळ उघडून पाणी काढून टाकलं, गीझर पण बंद. मग व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा आर्मच्या मुळाशी गुंडाळून तासभर ठेवला, त्याने क्षार जरा मऊ पडतो, मग पुसून कोरडं केलं आणि गंजाचं तेल मारलं, मारून लगेच पाना लावायचा नाही, त्याला आत शिरायला वेळ द्या, मी तर रात्रभर ठेवतो. टॉयलेट क्लीनरचं ॲसिड नको, ते क्रोम आणि जीआयवरचं जस्त दोन्ही खातं.

आता मुख्य काम, एल्बोला टेकू देणं. आर्मच्या भोवती छोट्या छिन्नीने हलक्या हाताने टाइल आणि प्लास्टर काढायचं, पण नवीन फ्लँजखाली झाकलं जाईल एवढंच. म्हणून बाजारातून मोठा, पावणेतीन इंचाचा फ्लँज घेऊन ठेवा आणि त्याची रेघ टाइलवर पेन्सिलने मारून त्याच्या आतच काम करा. भोक गोल नको, खालच्या बाजूला जास्त हवं, कारण एल्बोचा पाय खाली आहे आणि सरकतो तोच. आता या पायाच्या दोन्ही बाजूंना, डावीकडे आणि उजवीकडे, सागवानाची पातळ पाचर, पण इंचभर आत जाईल अशी, हलकेच ठोकून बसवायची. पाचर घट्ट विटेवर टेकली पाहिजे, सुट्या प्लास्टरवर नाही, नाहीतर तिचा उपयोग शून्य. आर्म उलट फिरवताना एल्बोचा पाय उजवीकडे जाणार, म्हणजे उजवी पाचर खरा जोर घेणार, ती नीट बसवा. आधी जरा घट्टही करून पाहायचं असतं म्हणून डावी पण लागते. समजा भिंतीच्या मागे डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली मोकळी जागा, असेल आणि एल्बोपर्यंत हात पोहोचत असेल, तर मग हे काहीच नको, मागून दुसरा पाना एल्बोला धरून ठेवा, पण असं घर नशिबाने मिळतं.

पाचर बसली की पेन्सिलची एक सरळ रेघ मारा, आर्मवरून एल्बोच्या काठावर आणि तिथून टाइलवर. ही रेघ आपला साक्षीदार आहे. जोर लावताना आर्मवरची रेघ एल्बोपासून तुटली तर आटे सुटतायत, आनंद करा. पण एल्बोवरची रेघ टाइलपासून हलली तर पाइप वाकतोय, तिथेच थांबायचं.

जोर कसा लावायचा ते नीट ऐका. वाकलेल्या आर्मला हाताने धरून फिरवू नका, तो लांब आहे म्हणून खूप जोर मिळतो खरा, पण तो जोर किती आहे हे कळत नाही आणि आर्म खाली ओढलाही जातो. आर्म टाकूनच द्यायचा असेल तर भिंतीपासून दोन-तीन इंच ठेवून बाकी हॅक्सॉने कापून टाका. आता हे नळकांडं पातळ आहे, पाइप पान्याने पकडलं की चपटं होतं आणि चपटं झालं की आट्यांच्या ठिकाणी, जिथे आधीच ते सगळ्यात पातळ आहे, तुटतं. म्हणून आत बसेल असा लोखंडी सळीचा तुकडा घालून मग पाना लावा, आणि पाना भिंतीच्या जवळ. आर्म परत वापरायचा असेल तर कापायचा नाही, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पट्टा पाना, म्हणजे दातांऐवजी पट्ट्याने पकडणारा पाना, लावा.

पहिल्यांदा सोडवायच्या दिशेला नाही, घट्ट करायच्या दिशेला किंचित, अगदी केसभर. त्याने क्षाराची पकड तुटते. मग उलट, पान्याच्या दांड्यावर लाकडी हातोडीने छोटे छोटे टोले, टक टक टक. लांब दांडा घेऊन हळूहळू जोर वाढवत नेला की एल्बो त्याच्याबरोबर निवांत वाकत जातो, छोट्या टोल्यात मात्र आट्यांना धक्का बसतो आणि पाइपला वाकायला वेळच मिळत नाही. दर चार-पाच टोल्यांनी रेघ बघा. आणि हाताला पण कळतं, आटे सुटताना पाना पुढे जातो आणि तिथेच राहतो, पाइप वाकत असेल तर तो स्प्रिंगसारखा परत येतो. परत आला की जोर वाढवायचा नाही, परत तेल, परत वाट.

(टोले, मग शांतता) काकू, इकडे या, बघा. आर्मची रेघ हलली, एल्बोची जागच्या जागी आहे. आता पाव फेऱ्यानंतर सैल व्हायला लागला, म्हणजे आणखी जोर नाही, हळूच पुढे-मागे करत काढायचं, अर्ध्या इंची आट्यात एका फेऱ्याला जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर येतं, म्हणून पाच-सहा फेरे लागतातच.

आणि समजा आतच तुटला तर? घाबरून भिंत फोडू नका. आत राहिलेल्या तुकड्यात हॅक्सॉचं नुसतं ब्लेड घालून दोन ठिकाणी चीर द्या, चीर फक्त पितळेपुरती, एल्बोचे लोखंडी आटे लागले की लगेच थांबा, रंग आणि आवाज दोन्ही बदलतात. मग पेचकसने दोन चिरांमधली पितळेची पट्टी आत दुमडून तुकडा बाहेर ओढा.

आता भोक बुजवायच्या आधीची चाचणी, ही कुणी करत नाही. एल्बोचे आटे ब्रशने साफ केले, टेफ्लॉन गुंडाळलेला अर्धा इंची प्लग लावला, तोही हाताने, मग थोडासाच पान्याने. मग टाकीचा व्हॉल्व्ह उघडून डायव्हर्टर शॉवरवर ठेवायचा आणि नळ उघडायचा, म्हणजे त्या उभ्या पाइपमध्ये दाब येतो, फक्त टाकीचा व्हॉल्व्ह उघडून काही कळणार नाही. अर्धा तास तसंच ठेवा आणि कोरड्या टिश्यूचा तुकडा भोकात एल्बोच्या खाली लावून बघा, पलीकडच्या भिंतीवर पण हात फिरवून या. काकूंच्या इथे टिश्यू कोरडा आहे. टिश्यू ओला झाला असता तर पाचर काढून अजून टाइल उघडून तो जोड आत्ताच बदलावा लागला असता.

आता नवीन आर्म. आट्यांच्या दिशेने टेप दहा-बारा फेरे, हाताने बसेपर्यंत, मग पान्याने एखाद-दोन फेरा, आणि तोंड खाली येईल तिथे थांबवायचा. पुढे गेला तर मागे फिरवून सरळ करू नका, टेफ्लॉन सुटतं आणि तिथूनच गळतं, पूर्ण काढून परत टेप लावा. पाचरा काढून घ्या, भोकात थोडं सिमेंट आणि वर मोठा फ्लँज, पण यावेळी फ्लँजमागे व्हाइट सिमेंट नाही, फक्त काठाला पातळ सिलिकॉन, खालची बाजू थोडी उघडी ठेवून. पुढे कधी आत गळलंच तर पाणी तिथून बाहेर दिसेल.