शेपटीला सरसकट ‘दोन फ्रेम’ लावणं बंद करा

नमस्कार मंडळी. ॲनिमेशनच्या गेल्या तीन व्हिडिओंच्या खाली एकच प्रश्न फिरून फिरून येऊन राहिला: “पोझेस छान झाल्या, टायमिंगही ठीक आहे, पण शेपूट लावली की ती सापासारखी वळवळते. काहून?” कोणाची शेपूट आहे, कोणाची वेणी, कोणाची ओढणी. दुखणं मात्र एकच.

मूळ गोष्ट पटकन सांगतो, तुम्हाला माहीतच आहे. शेपटीचं बूड कंबरेला चिकटलेलं आहे. कंबर हलते, बूड तिच्याबरोबर जातं, बाकीची शेपूट मागे राहते. कंबर थांबते, शेपूट थांबत नाही. संपलं. आणि हो, आधी शरीराच्या पोझेस आणि टायमिंग पक्कं करा. डायरेक्टरनं उडी चार फ्रेम लांबवली की शेपटीवरचं सगळं काम वाया जातं.

एक कमेंट मध्येच घेतो, कारण यावर खाली भांडणं सुरू आहेत. पात्र बोलता बोलता डोकं खाजवतं ती सेकंडरी ॲक्शन. ते त्या पात्रानं स्वतः केलं. डोकं हलल्यामुळे वेणी हलली ती सेकंडरी मोशन. वेणीनं काही ठरवलेलं नसतं. आज फक्त दुसऱ्याबद्दल बोलू.

[स्क्रीनवर: टिनाच्या छपरावर बसलेलं वानर, बाजूनं दिसणारं]

हे आपलं काळतोंडं वानर. रामटेकला गड चढताना कठड्यावर बसलेली दिसतात ना, तेच. शेपूट शरीरापेक्षा लांब असते, म्हणून सरावाला याच्यासारखं दुसरं जनावर नाही. आपण शेपूट अंदाजे एक मीटर धरू. रिगमध्ये तिला पाच बोन आहेत. शॉट सेकंदाला 24 फ्रेमचा, एकूण 120 फ्रेम, म्हणजे पाच सेकंद. वानर छपरावरून कडुनिंबाच्या फांदीवर उडी मारतं. 14 व्या फ्रेमला पाय सुटतात, 20 ला उडीचा सगळ्यात वरचा बिंदू, 26 ला फांदीला हात-पाय लागतात, 30 ला शरीर सगळ्यात खाली दबतं आणि 38 ला ते स्थिर बसतं. शेपूट फांदीच्या खाली लोंबते.

हवेतला भाग सोपा आहे. कंबर ज्या वाटेनं गेली, त्याच वाटेवर शेपूट पडून असते. वर जाताना टोक खाली-मागे, खाली येताना टोक वर. 20 व्या फ्रेमला कंबरेचं वर जाणं संपतं, पण टोक अजून वर चढतच असतं. तिथे बहुतेक जण टोकही थांबवतात आणि तिथेच उडीचा जीव जातो.

आता खरी गंमत. वानर बसलं, शेपूट झुलणार. इथे सगळे काय करतात? पहिल्या बोनला कर्व्ह देतात, तोच बाकी चारांवर कॉपी-पेस्ट करतात आणि प्रत्येक बोन दोन-दोन फ्रेम पुढे सरकवतात. “सर, दोन फ्रेमचा नियम आहे ना?” नाही बावा, असा नियम नाही. पाच बोनच्या शेपटीत दोन फ्रेम चालून जातात, म्हणून तो नियम वाटतो. हीच शेपूट उद्या अकरा बोनच्या रिगमध्ये आली, की पहिल्या आणि शेवटच्या बोनमध्ये वीस फ्रेमचं अंतर पडतं. शेपूट तेवढीच, लांबी तेवढीच, आणि उशीर अडीच पट! बोन किती टाकायचे हे रिगरनं ठरवलं, शेपटीनं नाही.

म्हणून आधी विचारायचं ते हे, की ही शेपूट झुलताना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला किती वेळ घेते. लोंबणाऱ्या वस्तूचा झोका तिच्या लांबीवर ठरतो. एक मीटरची वस्तू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला साधारण 0.8 सेकंद घेते, म्हणजे 24 च्या हिशेबानं जवळपास 20 फ्रेम. लांबी चौपट झाली की वेळ दुप्पट होतो, पाव झाली की अर्धा. म्हणजे अर्ध्या मीटरच्या वेणीला 14 फ्रेम, पाव मीटरच्या पोनीला 10. मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले 20, एवढंच लक्षात ठेवा. हा सुरुवातीचा अंदाज आहे. कार्टूनमध्ये तुम्ही तो घट्ट कराल, पण निदान कशापासून घट्ट करताय ते कळेल.

आता मुळापासून टोकापर्यंतचा एकूण उशीर या झोक्याच्या साधारण अर्धा ठेवा. आपला झोका 20 चा, म्हणून एकूण उशीर 10. तो पाच बोनमध्ये वाटायचा, पण समान नाही. मुळाशी कमी, टोकाकडे जास्त: दोन, दोन, तीन, तीन. पुढे झुकण्याची पराकाष्ठा पहिल्या बोनला 42 व्या फ्रेमला आली, तर बाकीच्यांना 44, 46, 49 आणि 52 ला. पहिला झोका 20 पेक्षा लवकर झाला हे बरोबरच आहे, कारण उडीचा जोर त्यात आहे. परत मागे 62 ला, पुन्हा पुढे 82 ला, आणि बाकीचे बोन त्याच उशीरानं मागोमाग.

हेच ग्राफवर बघा. डोप शीटमध्ये सगळ्या बोनच्या की एका उभ्या रेषेत दिसल्या, तर शेपूट काठीसारखी झुलणार. त्या जिन्यासारख्या उतरायला हव्या. पण जिन्याची शेवटची पायरी 62 च्या आसपास गेली, म्हणजे पहिला बोन मागे पोचला त्याच फ्रेमला शेवटचा बोन पुढे वाकलेला आहे. झाला की नाही साप? 20 चा झोका आणि 20 चा उशीर, म्हणजे मूळ आणि टोक कायम एकमेकांच्या उलट. तुम्ही ज्या वळवळीबद्दल विचारून राहिले, ती हीच.

आणि ग्राफ बघायचा कंटाळा असेल तर स्क्रीनवर बघा. टोकाच्या बोनचा मोशन पाथ काढा. नीट शेपटीचं टोक झोक्याच्या दोन्ही शेवटांना वळसा घेतं, आडव्या इंग्रजी आठासारखा किंवा निमुळत्या पानासारखा. काठीसारख्या शेपटीचं टोक त्याच कमानीवरून पुढे जातं आणि त्याच कमानीवरून परत येतं, वळसाच नसतो. आणि सापाचं टोक मधल्या भागात आखूड घोटाळत राहतं, झोका फक्त शेपटीच्या पोटात दिसतो.

[स्क्रीनवर: तीन मोशन पाथ शेजारी शेजारी]

आता अंशांकडे. इथेही कॉपी-पेस्ट फसवते, कारण प्रत्येक बोनचं फिरणं त्याच्या आधीच्या बोनवर चढतं. पहिल्याला 30 अंश दिले आणि तेच पाचही बोनना दिले, तर बेरीज 150 होते आणि शेपटीची जिलेबी होते. मी पहिल्या बोनला 20 आणि पुढच्या चारांना 10-10 देईन. परतीच्या झोक्यात 10 आणि 5, तिसऱ्यात 4 आणि 2, मग 102 च्या आसपास शांत.

लक्षात आलं का, अंश दर वेळी निम्मे किंवा त्याहून कमी होत गेले पण झोक्याचा वेळ 20 चाच राहिला? 42, 62, 82. इथे बहुतेकांचा हात घसरतो. झोका लहान झाला म्हणून वेळही 20, मग 12, मग 7 असा कमी करतात. मग शेपूट शांत होत नाही, थरथरते. टेबलावर पडलेलं झाकण शेवटी जसं खणखणतं, तसं. लोंबणारी वस्तू थांबताना अंतर सोडते, ताल सोडत नाही.

वानराबद्दल एक अपवाद सांगायलाच हवा. त्याची शेपूट दोरी नाही, तिच्यात स्नायू आहेत. म्हणून दुसऱ्या झोक्यानंतर त्यानं ती स्वतः आवरून धरली, थोडी बाकदार केली, तरी चालतं, उलट जिवंत दिसतं. फक्त ते करताना मूळ आधी आवरतं की टोक, ते ठरवा. स्वतःहून हलवलेल्या शेपटीतही जोर मुळाकडूनच जातो.

की सरकवल्या की सुरुवातीचं भोक तपासा. शेवटच्या बोनची पहिली की 1 वरून 11 वर गेली, म्हणजे तोवर टोक गोठलेलं असणार. शॉटच्या आधी, उणे 20 व्या फ्रेमपासून हलकी हालचाल द्या. लूप असेल तर Blender मध्ये सरकवण्याच्या आधी `Shift+E` दाबून `Make Cyclic` लावा, म्हणजे डावीकडून भोक पडत नाही. आणि हातानं ट्वोजवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरून, काढत असाल तर तीन फ्रेमचा उशीर तुम्हाला मिळतच नाही. दोन, दोन, दोन, चार करा.

वेणीला हाच हिशेब, 14 चा झोका, 7 चा उशीर. फरक एवढाच की वेणी पाठीला आपटते. मान झटक्यात वळली की वेणी खांद्यावर येऊन अडते, आणि अडल्यावर फक्त तिच्या खालचा लोंबता तुकडा झुलतो. तो तुकडा आखूड, म्हणून त्याचा ताल जलद. अडलेल्या जागेखालची लांबी मोजा, पूर्ण वेणीची नाही.

कापडाला मात्र हे आकडे जसेच्या तसे लावू नका. सुती ओढणी इतकी हलकी असते की हवाच तिला अडवते. ती मागे राहते, हळूहळू येऊन पडते आणि तिथेच थांबते. पलीकडे जाऊन परत झुलत नाही. म्हणजे मागे राहणं भरपूर द्या, पुढचे झोके जवळपास शून्य. स्कूटीवरून उतरणारी, तोंडावर स्टोल बांधलेली मुलगी करत असाल तर स्टोलचं सुटं टोक गाडी थांबल्यावर आठ-दहा फ्रेममध्ये नुसतं खाली येतं. पण जरीकाठाचा पदर वेगळा. काठ जड आहे, तो लोलकासारखा झुलतो आणि मधलं कापड त्याच्यामागे ओढलं जातं. तिथे काठाला आधी कर्व्ह द्या, कापड नंतर.

“सिम्युलेशन का नाही करत?” हे विचारणारे पाच जण आहेतच. करा ना. पण सिम्युलेशनला शरीराचा प्रत्येक धक्का खरा वाटतो. तुमच्या कंबरेच्या कर्व्हमध्ये 30 आणि 31 च्या मध्ये एक बारीक खोच राहिली असेल, डोळ्याला दिसतही नसेल, तर शेपटीचं टोक ती खोच मोठी करून दाखवेल. म्हणून सिम्युलेशन करा किंवा हातानं करा, आधी शेपूट लपवा, कंबरेचा कर्व्ह मोठा करून बघा आणि ती खोच काढा. मग शेपूट परत दाखवा, शरीर लपवा आणि नुसती शेपूट चालवून बघा. ती पाहून वानर कुठे उडालं आणि कुठे बसलं हे कळत नसेल, तर 26 च्या पुढच्या की पुन्हा उघडा.