कापलेला शेवट

२०१८ च्या उन्हाळ्यात आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर एक क्लिप आली होती. सीसीटीव्हीसारखं धूसर चित्र, गल्लीत क्रिकेट खेळणारी मुलं. मोटारसायकलवर दोघं येतात, त्यांतला एक जण मुलाला उचलतो आणि गाडी निघून जाते. क्लिप तिथेच संपते. खाली लिहिलेलं असे की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा.

त्याच वर्षी १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार भरला होता. मुलं पळवणारे समजून जमावाने तिथे पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. ती एकच क्लिप पाहून हे घडलं असं मी म्हणणार नाही. पण तशा अनेक क्लिपा आणि निरोप तेव्हा देशभर फिरत होते, आणि अनोळखी माणसाकडे पाहण्याची लोकांची नजर त्यांनी बदलून टाकली होती.

आता ती क्लिप तपासू. ती कुठे चित्रित झाली याच्या खुणा शोधायला बसलो तर सुरुवातीला काहीच हाती लागत नाही. वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, मुलं क्रिकेट खेळतात, कपडे आणि घरं आपल्याकडच्यासारखीच. पाकिस्तानातही वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे ही खूण इथे निरुपयोगी ठरते. फाइलमध्ये चित्रीकरणाची तारीख मिळेल म्हणावं, तर व्हॉट्सअॅपवरून येताना व्हिडिओ पुन्हा दाबून लहान केला जातो आणि मूळ माहिती बहुधा पुसली जाते. तुमच्या फोनवर दिसते ती तारीख क्लिप तुमच्याकडे पोचल्याची असते.

मग उरतं चित्र. व्हिडिओतल्या ठळक फ्रेम वेगळ्या काढायच्या. इनव्हिडसारखं साधन ते करून देतं, नाहीतर व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घेतला तरी चालतो. मुलाला उचलतानाची फ्रेम सगळ्यात उपयोगाची, कारण तसं दुसरं चित्र सापडणं कठीण. ती गूगल लेन्स आणि यांडेक्स, दोन्हीकडे टाकून शोधायची. पहिल्या पानावर बहुतेक वेळा हीच अफवा पुन्हा दिसते. म्हणून आपण शोधायची ती सर्वांत जुनी प्रत आणि सर्वांत लांब प्रत.

लांब प्रतीत पुढचा भाग आहे. मोटारसायकल परत येते, मुलाला खाली उतरवलं जातं आणि एक फलक दाखवला जातो. मजकूर असा की कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेसाठी २०१६ मध्ये केलेली ही जनजागृतीची जाहिरात होती. पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावं म्हणून केलेली. कोणीतरी तिचा शेवट कापला.

इथे यंत्राची मर्यादा अगदी उघड दिसते. बनावट चेहरा ओळखणाऱ्या साधनाला ही क्लिप दिली, तर ते तिला अस्सल म्हणेल, आणि ते चूकही नसेल. माणसं खरी, गल्ली खरी, एकाही फ्रेममध्ये काही मिसळलेलं नाही. खोटेपणा आहे तो गाळलेल्या भागात आणि खाली चिकटवलेल्या वाक्यात. जे फाइलमध्येच नाही, ते यंत्र फाइलमधून काढणार कुठून?

ज्या क्लिपांमध्ये खरोखरच चेहरा किंवा आवाज बनवलेला असतो, तिथेही साधनाने दिलेला आकडा जपून वाचावा. ‘८० टक्के बनावट’ म्हणजे अशा मापाने तपासलेल्या दर दहापैकी आठ क्लिप खोट्या, असं धरून चालू नका. आपण शिकलेल्या नमुन्यांशी ही क्लिप किती जुळते, याचा तो साधनाचा अंदाज. त्यासाठी लागणाऱ्या बारीक खुणा, म्हणजे ओठांच्या कडा, त्वचेचा पोत, आवाजातले वरचे स्वर, दहा वेळा उतरवून पुन्हा चढवलेल्या क्लिपमध्ये आधीच घासून गेलेल्या असतात. त्यामुळे बनावट क्लिप सुटते, आणि कधी खराब रेकॉर्डिंगमुळे खऱ्या माणसाचा आवाजही बनावट ठरतो. दुसरी चूक मला जास्त भयंकर वाटते. पकडला गेलेला माणूस तिचा आधार घेऊन ‘हे मशीनने बनवलंय’ असं म्हणू शकतो.

प्रतिमाशोधही सगळीकडे पोचत नाही. व्हॉट्सअॅपच्या बंद गटांत जन्मलेली क्लिप शोधयंत्राने कधी पाहिलेलीच नसते. काही न सापडणं हा खरेपणाचा पुरावा नाही, आणि अशा वेळी ‘अजून ठरलं नाही’ एवढंच उत्तर द्यावं. ते द्यायला फार जड जातं, कारण समोरच्याला लगेच हो किंवा नाही हवं असतं.

मूळ प्रत सापडली, तर मात्र मी नुसतं ‘खोटं आहे’ लिहून पाठवत नाही. दोन्ही व्हिडिओ पाठवतो आणि ज्या सेकंदाला पहिला संपतो तो आकडा लिहितो: इथून पुढे बघा, मोटारसायकल परत येते.