पाचवं मत

(दृश्य: विमानवाहू जहाजाचा डेक, हेलिकॉप्टरच्या पात्यांचा वारा, पाठीवर सामान घेतलेले भारतीय जवान)

सप्टेंबर 1953. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर इंचॉन बंदरासमोर अमेरिकी जहाज उभं आहे. त्याच्या डेकवरून भारतीय जवान हेलिकॉप्टरमध्ये चढताहेत. इथून ते थेट दोन कोरियांमधल्या लष्करमुक्त पट्ट्यात उतरतील. मधल्या जमिनीवर त्यांना पाऊल ठेवायचं नाही. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी तसं ठणकावून सांगितलं आहे. भारत हा त्यांच्या लेखी विरोधी गटाचा मित्र. म्हणून सुमारे सहा हजार माणसं, थोडी थोडी करत, अशी हवेतून नेली जाताहेत.

या फौजेचं नाव होतं कस्टोडियन फोर्स, म्हणजे राखणदार फौज. लढाई करणं तिचं काम नव्हतं. दोन्ही बाजूंनी पकडलेल्या, पण मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांना सांभाळायचं होतं.

कोरियातलं युद्ध ज्या प्रश्नावर सर्वांत जास्त काळ अडून राहिलं, तो हाच. जिनिव्हा करार सांगतो की लढाई थांबली की कैदी परत पाठवा. अमेरिकेचं म्हणणं असं की, ज्याला जायचं नाही त्याला जबरदस्तीने पाठवणार नाही. चीन आणि उत्तर कोरिया म्हणत, ही पळवाट आहे, कैद्यांवर दबाव आहे. सीमारेषेबद्दल बरंचसं ठरलं होतं, तरी या एका कलमापायी माणसं मरत राहिली. डिसेंबर 1952 मध्ये संयुक्त राष्ट्रांत भारताने मांडलेला ठराव मंजूर झाला: जबरदस्ती नको, निर्णय तटस्थ आयोगाकडे द्या. सोव्हिएत गटाने विरोधात मत दिलं, चीननेही ठराव फेटाळला. पण 27 जुलै 1953 ला शस्त्रसंधी झाली तेव्हा तडजोड याच धाटणीची होती.

(दृश्य: पाच देशांचे झेंडे, तंबूतलं लांब टेबल)

आयोगात पाच देश. स्वीडन आणि स्वित्झर्लंड हे अमेरिकेच्या नेतृत्वाखाली लढलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने सुचवलेले. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया समोरच्या, म्हणजे चीन आणि उत्तर कोरियाच्या बाजूने. चौघांनाही कागदावर तटस्थ म्हटलेलं. पण निर्णय बहुमताने घ्यायचा होता, आणि बहुतेक वादांत हे चौघे दोन-दोन असेच विभागले जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून अध्यक्षपद पाचव्या देशाकडे, भारताकडे. आयोगाचे अध्यक्ष लेफ्टनंट जनरल थिमय्या, आणि फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे.

अलिप्ततेचा खरा अर्थ याच टेबलावर दिसतो. स्वित्झर्लंडची तटस्थता म्हणजे युद्धापासून लांब राहण्याचा जुना नियम. भारताचं अलिप्त असणं वेगळं. इथे मत द्यायचंच होतं, आणि प्रत्येक वेळी ते कुणाला तरी टोचणार होतं.

(दृश्य: काटेरी तार, आत उभे हजारो माणसांचे जथे, हातात फलक)

संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातले साडेबावीस हजारांहून अधिक कैदी भारताकडे आले. त्यांतले साधारण दोन तृतीयांश चिनी, बाकीचे कोरियन. दुसऱ्या बाजूकडून आले फक्त 359. छावणीतल्या एकेका तारबंद आवारात शेकडो माणसं. फौजेच्या तळाचं नाव हिंदनगर.

आता हा तंबू पाहा. त्याला बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत. कैदी आत येतो, समोर त्याच्या मायदेशाचे प्रतिनिधी. ते त्याला समजावतात की तू परत आलास तर तुला काही होणार नाही. ऐकून झालं की एका वाटेने गेला तर मायदेश, दुसरीने गेला तर पुन्हा छावणी. नियम असा की हजार कैद्यांमागे जास्तीत जास्त सात समजावणारे, आणि मुदत नव्वद दिवस.

प्रत्यक्षात हे काम जेमतेम दहा दिवस झालं. अडचण तारेच्या आत होती. आवारांवर कैद्यांच्याच संघटनांचा ताबा होता. परत जायची इच्छा बोलून दाखवणाऱ्याला रात्री मारहाण होई, कधी खूनही. कुणी तारेवर चढून भारतीय पहारेकऱ्याकडे धावत आला, की ओळखायचं, हा परत जाणार. अशा आवारातून शेकडो माणसं तंबूत यायलाच नकार देऊ लागली.

मग प्रश्न आयोगासमोर आला: त्यांना बळाने आणायचं का? पोलंड, चेकोस्लोव्हाकिया म्हणाले, आणा. स्वीडन, स्वित्झर्लंड म्हणाले, हरगिज नाही. भारताने बळ वापरायला नकार दिला. गोळीबार करून आणलेल्या माणसाचा निर्णय स्वेच्छेचा कसा मानायचा? उत्तरेकडची बाजू संतापली.

त्या दिवसांत थोरातांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. सप्टेंबरच्या अखेरीस कैद्यांनी एका भारतीय मेजरला आवारात ओढून नेऊन अडकवून ठेवलं. बाहेरून गोळीबार केला असता तर तो मेजर गेला असता, आणि त्याच्याबरोबर कितीतरी कैदी. थोरात आवारात शिरले. भोवती चिडलेला जमाव. त्यांनी आवाज चढवला नाही. पाहुणचार करणाऱ्या लोकांमध्ये आपण आलो आणि चहा-सिगारेटसुद्धा कुणी विचारली नाही, असं ते म्हणाले. वातावरण सैल झालं. चहा आला, आणि मेजर सुटले. आमच्या मते त्या चार महिन्यांतली तटस्थतेची सर्वांत मोठी कसोटी ती होती. नेहमीच ती इतकी साधली नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत भारतीय पहाऱ्याला गोळी चालवावी लागली, कैदी मारले गेले.

(दृश्य: बर्फातली छावणी, टाइप केलेला अहवाल)

डिसेंबरच्या अखेरीस अहवाल लिहायची वेळ आली. या वेळी भारताने पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाबरोबर सही केली. अहवालात स्पष्ट म्हटलं की छावण्यांवर संघटनांची पकड होती आणि कैद्यांना मोकळेपणाने निवड करता आली असं म्हणता येत नाही. स्वीडन आणि स्वित्झर्लंड यांनी वेगळा अहवाल दिला. ज्यांच्या बाजूने ऑक्टोबरमध्ये मत दिलं, त्यांच्याच विरोधात डिसेंबरमध्ये. बळ नको, आणि खोटंही लिहायचं नाही: ही दोन्ही मतं एकाच ठिकाणाहून आलेली.

मग मुदतीचं कलम. नव्वद दिवसांनंतर कैद्यांचा प्रश्न राजकीय परिषदेकडे जाणार होता. ती परिषद भरलीच नाही. भारताने त्यांना स्वतःच्या अधिकारात नागरिक म्हणून सोडायला नकार दिला आणि जानेवारी 1954 मध्ये ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडेच परत सोपवायला सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रांच्या कमांडने त्यांना मोकळं केलं. चौदा हजारांहून अधिक चिनी तैवानला गेले. दोन्ही बाजूंनी भारताला दोष दिला.

(दृश्य: जहाजाचा कठडा, किनारा मागे पडतोय)

88 कैद्यांनी दोन्ही बाजूंना नकार दिला. त्यांना तिसरा देश हवा होता, आणि त्यासाठी कुठलंच कलम तयार नव्हतं. फेब्रुवारीत ते भारतीय जवानांबरोबर जहाजात बसले आणि मद्रासला उतरले.