चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो, म्हणून खूश होऊ नका

साठीच्या एका गृहस्थांचं उदाहरण घेऊ. चाळीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेट. सहा महिन्यांपासून ते चष्मा न लावता पेपर वाचू लागलेत आणि घरात कौतुक चाललंय, नजर सुधारली म्हणून! प्रत्यक्षात डोळ्यातलं भिंग गाभ्यात घट्ट होत गेलं की जवळचं काही काळ स्पष्ट दिसतं आणि लांबचं धूसर होतं. एसटीची पाटी वाचता येईना की मग दवाखाना आठवतो. हा गाभ्यातला मोतीबिंदू, आणि धूम्रपानाशी सगळ्यात पक्कं नातं याच प्रकाराचं आहे.

असं का होतं? भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं जन्माच्याही आधी तयार झालेली असतात आणि शरीर ती कधी बदलत नाही. त्यांना जपणारं ग्लुटाथायोन आणि क जीवनसत्त्व धुराशी झुंजण्यात खर्ची पडतं. तंबाखूचं झाड जमिनीतून कॅडमियम शोषतं, तेही धुरावाटे रक्तात आणि तिथून भिंगात साठतं. अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने जसा गढुळतो, तशी ही प्रथिनं हळूहळू गढूळ होतात.

मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया आहे. यांचीही झाली, पण समोरच्याचा चेहरा तरी स्पष्ट दिसेना. कारण डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, झिजला होता. धूम्रपान करणाऱ्यांत हा आजार दुपटीहून जास्त आढळतो. भिंग बदलता येतं, मॅक्युला नाही. पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या फुटून गळू लागल्या तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन गळती रोखता येते. मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत. म्हणून एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघत जा. सरळ कड वाकडी दिसली तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकतो.

आता सिगारेट सोडल्याने काय होतं ते सांगतो. झालेला मोतीबिंदू विरघळत नाही, पुढचा धोका उतरतो, तोही सावकाश. स्वीडनमध्ये ४४ हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. रोज पंधरापेक्षा जास्त सिगारेट ओढणाऱ्यांत मोतीबिंदू काढावा लागण्याचा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा ४२ टक्के जास्त होता. तेवढ्याच ओढून वीस वर्षांहून आधी सोडलेल्यांत तो २१ टक्क्यांवर आला, शून्यावर नाही. मॅक्युलाचं चित्र बरं आहे: वीस वर्षांनंतर धोका जवळजवळ न ओढणाऱ्यांइतका होतो, असं ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसलं. साठीत सोडणाऱ्याला वीस वर्षं लांब वाटतील, पण हा आजार वाढतो तो सत्तरी-ऐंशीतच.

एक व्यवहाराची गोष्ट. मॅक्युलासाठी ज्या गोळ्या मिळतात, त्यांच्या जुन्या सूत्रात बीटा कॅरोटीन असे. धूम्रपान करणाऱ्यांत त्याने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि सोडलेल्यांनाही तो लागू आहे. म्हणून नव्या सूत्रात त्याऐवजी ल्युटीन आणि झियाझॅंथिन असतं. दहा वर्षांपूर्वी सोडली असली, तरी ‘मी ओढत होतो’ हे डॉक्टरांना सांगा आणि बाटलीवरचे घटक वाचूनच गोळी घ्या.